शिवाय, तसेच, मोअरओव्हर, बिसाइड्स: मुद्दा पटवायचा असतो तेव्हा नेमका कोणता शब्द?

ओलीभिंत

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर. गच्चीतून पाणी झिरपतं. जुलैपासून बेडरूमच्या सिलिंगवर डाग आहे आणि तो सरकत सरकत आता स्विचबोर्डाच्या भिंतीवर उतरलाय. कमिटीला पत्र दिलं. कमिटीतल्या तिघांना मराठी वाचता येत नाही म्हणून पत्र इंग्रजीत आणि सोबत मराठी प्रत. पत्रात सहा मुद्दे होते आणि ते जोडायला पाच वेळा मोअरओव्हर, मराठी प्रतीत त्या पाचही जागी 'तसेच'. मुद्दे साधारण असे की सिलिंग ओलं आहे तसेच स्विचबोर्डाला ओल येतेय तसेच उपविधींप्रमाणे छपरातून होणाऱ्या पावसाच्या गळतीचा खर्च सोसायटीचा असतो तसेच गेल्या वर्षी बी विंगमधल्या दोन फ्लॅटवरची गच्ची सोसायटीनेच दुरुस्त करून दिली तसेच आम्ही दोनच वर्षांपूर्वी रंग काढलाय तो वाया गेला तसेच आम्ही मेंटेनन्स नेहमी वेळेवर भरतो.

उत्तर आलं एका ओळीचं. मेंटेनन्स सर्वच सभासद वेळेवर भरतात, त्यामुळे आपणास प्राधान्य देता येणार नाही. बस. स्विचबोर्ड, उपविधी, बी विंग, कशाबद्दल अक्षर नाही!

भाऊ म्हणतो मोअरओव्हर काढ, सगळीकडे इन अ‍ॅडिशन टाक, सौम्य वाटतं. मुलगी म्हणते बिसाइड्स टाक. मला प्रश्न पडलाय की हे शब्द खरंच एकमेकांच्या जागी चालतात का? आणि मराठीतले तसेच, शिवाय, एवढंच नव्हे तर, याव्यतिरिक्त? यादी करायला एक आणि वाद घालायला दुसरा, असं काही असतं का?

चिपळूणचा_नाना

ताई, गच्चीवर ब्रिकबॅट कोबा आहे का? असेल तर आधी पॅरापेटच्या कडेचा गोलावा बघा, बहुतेक वेळा चीर तिथे असते, मधे नसते. आणि पाणी जायच्या जाळ्या तुंबल्यात का बघा. जाळी तुंबली की गच्चीचं तळं होतं आणि मग चांगला कोबाही पाणी सोडतो. पाऊस उघडला की एक दिवस पाणी साठवून ठेवून खाली कुठे उतरतंय ते बघायचं, मग काम काढायचं. उगाच वरून केमिकल फासू नका.

ओलीभिंत

नाना धन्यवाद, जाळ्या बघायला सांगते. पण प्रश्न पत्रातल्या शब्दांचा आहे हो :)

चिपळूणचा_नाना

पत्राने पाणी थांबत नाही, एवढंच म्हणायचं होतं.

सुप्रिया_आयईएलटीएस

मी पुण्यात आयईएलटीएसचे क्लास घेते, त्यामुळे हा रोजचा विषय. ताई, तुमची मुख्य चूक म्हणजे एकच शब्द पाच वेळा. मी मुलांना सांगते सहा शब्द पाठ ठेवा, मोअरओव्हर, फर्दरमोअर, इन अ‍ॅडिशन, अ‍ॅडिशनली, बिसाइड्स, ऑल्सो, आणि आलटून पालटून वापरा. अर्थ एकच आहे, 'आणखी'. वाचणाऱ्याला कंटाळा येत नाही.

दुसरं, तुम्ही पत्रात "सिलिंग ओलं आहे, मोअरओव्हर बोर्ड ओला होतोय" असं मधे फक्त स्वल्पविराम देऊन लिहिलं असेल तर इंग्रजीत ती चूक धरतात. मराठीत आपण 'शिवाय'च्या आधी स्वल्पविराम देऊन पुढे जातो, चालून जातं, म्हणून आपल्या सगळ्यांची ही सवय. पण मोअरओव्हर हा अँडसारखा दोन वाक्यं सांधणारा शब्द नाही, तो क्रियाविशेषण आहे. त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा आणि त्याच्यानंतर स्वल्पविराम. दर बॅचला किमान अर्ध्या मुलांचे निबंध मी याच कारणासाठी लाल करते.

निवृत्त_उपसंपादक

स्वल्पविरामाचं सुप्रियाताईंचं शंभर टक्के बरोबर. आलटून पालटून वापरण्याचं मात्र मला पटत नाही. पंचवीस वर्षं डेस्कवर लोकांची पत्रं आणि अग्रलेखांची प्रुफं तपासली, त्यावरून सांगतो.

ओलीभिंत ताई, एक साधी चाचणी करा. जोडशब्दाच्या दोन बाजूंच्या वाक्यांची अदलाबदल करून बघा. "सोबत फोटो तसेच इलेक्ट्रिशियनचं पत्र जोडलं आहे." उलटं करा, "इलेक्ट्रिशियनचं पत्र तसेच फोटो". काही बिघडलं? नाही. म्हणजे ही यादी आहे, आणि इथे 'तसेच' किंवा इन अ‍ॅडिशन चपखल बसतो. 'तसेच' शब्दाकडेच बघा ना, तसे अधिक च, म्हणजे 'त्याच प्रकारे'. समानता शब्दातच भरलेली आहे. तो दोन गोष्टी एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवतो.

आता दुसरं वाक्य घ्या. "त्याने पैसे परत केले नाहीत, एवढंच नव्हे तर घेतल्याचंही नाकारलं." उलटं करून बघा. "त्याने पैसे घेतल्याचं नाकारलं, एवढंच नव्हे तर परत केले नाहीत." पडलं ना वाक्य? कारण इथे पायरी आहे. दुसरी गोष्ट पहिलीच्या डोक्यावर उभी आहे, तिच्याहून जड आहे. इंग्रजीत मोअरओव्हर मुळात या जागेचा शब्द. त्यात मोअर आहे ते उगाच नाही. दोन्ही कारणं एकाच दिशेला ओढतात आणि दुसरं जास्त जोराने ओढतं.

तुमच्या पत्रात पाच वेळा मोअरओव्हर म्हणजे वाचणाऱ्याला तुम्ही पाच वेळा सांगितलंत की पुढचं कारण आधीच्यापेक्षा मोठं आहे. या हिशेबाने सगळ्यात मोठं कारण कोणतं ठरलं? मेंटेनन्स. कमिटीने तुमच्या सगळ्यात मोठ्या कारणाला उत्तर दिलं.

ओलीभिंत

अरे देवा. हे असं मी पाहिलंच नव्हतं. आणि मराठी प्रतीत तसेच वापरून सगळेच एका फळीवर ठेवले, त्यामुळे त्यांना हवं ते उचलता आलं.

डब्लिनकर

+१ काकांना. माझा बिसाइड्सचा अनुभव सांगतो, मुलीचं ऐकायच्या आधी वाचा.

इकडे नवीन होतो तेव्हा एकदा रिलीजबद्दल टीम लीडला मेल केली. टेस्ट सर्व्हर दोन दिवस बंद आहे म्हणून टेस्टिंग राहिलंय, आणि पुढे लिहिलं, बिसाइड्स, शुक्रवारी रिलीज करणं तसंही बरोबर नाही. माझ्या डोक्यात साधं मराठी 'शिवाय' होतं, आणखी एक कारण, बाकी काही नाही. तिने वाचलं ते असं, की याला मुळात शुक्रवारी करायचंच नाहीये, सर्व्हरचं निमित्त मिळालं. तिने फोन केला आणि विचारलं की सर्व्हर आत्ता चालू करून दिला तर करशील का? मी गप्प. कारण खरं तर करणार होतो!

नंतर एका आयरिश सहकाऱ्याने समजावलं की बिसाइड्स बोलताना बहुतेक वेळा "आणि तसंही..." अशा सुरात येतो. पार्टीला येत नाही कारण दमलोय, बिसाइड्स मला ते लोक आवडत नाहीत. म्हणजे आधीचं कारण गेलं तरी माझं उत्तर बदलणार नाही. मित्रांत ठीक, पण अधिकृत पत्रात सबबीसारखा वाजू शकतो. तेव्हापासून ऑफिसच्या मेलमधे मी ऑल्सोवर भागवतो.

वकीलसाहेब_सातारा

डब्लिनकर, तुम्ही ज्याला सबब म्हणताय तेच आमचं रोजचं हत्यार आहे. कोर्टात आम्ही लिहितो की करार झालाच नाही, आणि झाला असं गृहीत धरलं तरी तो मुदतबाह्य आहे. पहिला मुद्दा पडला तर दुसरा उभा. बिसाइड्स किंवा 'शिवाय' म्हणजे हेच, पर्यायी बचाव. तेव्हा ताई, बिनधास्त वापरा.

निवृत्त_उपसंपादक

वकीलसाहेब, अर्धं बरोबर आहे. 'शिवाय'नंतरचं कारण स्वतःच्या पायावर उभं असतं हे खरं, आणि वादात त्याचा उपयोग तोच. पण पर्यायी बचावात तुम्ही दोन परस्परविरोधी गोष्टी मांडू शकता, कारण मधे "गृहीत धरलं तरी" हे कुंपण घातलेलं असतं. 'शिवाय'ला ते कुंपण नाही. उद्या कमिटीने लिहिलं की "गच्चीतून पाणी गळत नाही, शिवाय ते गळतं ते तुम्ही लावलेल्या डिश अँटेनामुळे", तर तुम्ही हसाल की नाही? 'शिवाय'च्या दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या असाव्या लागतात.

वकीलसाहेब_सातारा

मान्य. कुंपण शब्द आवडला. तरी पण वापरताना भीती नको इतकंच.

शब्दवेडी_मंजिरी

रच्याकने, 'शिवाय' हा फार गमतीचा शब्द आहे. तो आपल्याकडे आला फारसीमार्गे, मूळ अरबी, अर्थ 'सोडून, वगळून'. म्हणून 'तुझ्याशिवाय' म्हणजे तू नसताना. पण वाक्याच्या सुरुवातीला सुटा आला की नेमका उलटा, म्हणजे 'आणखी भर म्हणून'. वगळणारा शब्द भर घालणारा कसा झाला? तर "ते वगळलं तरी हे आहेच", या वाटेने. डब्लिनकर सांगतायत तो "तसंही"चा सूर मला त्यात ऐकू येतो. आणि इंग्रजी बिसाइड्समध्येही दोन्ही अर्थ आहेत, 'त्याच्याखेरीज कोणी नाही' आणि 'शिवाय'. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच वाट धरली.

यावरून पत्रात एक खड्डा. "वॉटरप्रूफिंगशिवाय प्लास्टर करावे लागेल" याचा अर्थ काय? वॉटरप्रूफिंग करायचं की नाही करायचं? मी खरंच अशा एका वाक्यावरून दोन माणसं भांडताना पाहिली आहेत, कोटेशन एकाच्या बाजूने आणि बिल दुसऱ्याच्या. तिथे सरळ 'आणि' लिहावं.

अवांतर: 'किंबहुना'वर पण बोलूया का? आजकाल लोक तो 'कदाचित' या अर्थी वापरतात, "किंबहुना तो उद्या येईल", आणि माझा जीव जातो. किं बहुना, म्हणजे 'जास्त काय सांगू'. पसायदानात "किंबहुना सर्वसुखी" येतं तिथे इतकं सगळं मागून झाल्यावर ज्ञानेश्वर म्हणतात की आणखी काय सांगू, आता सगळं एकात सांगतो. भर घालता घालता थांबणारा शब्द आहे तो!

पक्याभाऊ

आमच्या आईचा जोडशब्द 'वर'. "स्वतः उशिरा आलास आणि वर मलाच विचारतोस जेवण काय आहे." यात यादी नाही वाद नाही, थेट शिक्षा.

शब्दवेडी_मंजिरी

पक्याभाऊ =)) पण हा फार नेमका मुद्दा आहे. 'वर' आणि 'त्यात' हे दोन्ही भर घालतात पण सोबत भावना आणतात. 'वर' आला की समोरच्याचा उद्धटपणा दाखवायचा असतो. 'त्यात' आला की परिस्थितीचं रडगाणं, "आधीच उशीर, त्यात पाऊस". कमिटीला लिहिताना 'त्यात' लिहिलं तर दया मागितल्यासारखं आणि 'वर' लिहिलं तर भांडण. इंग्रजीत एका शब्दात ही छटा आणणारं चटकन सापडत नाही. टू टॉप इट ऑल जवळ जातो पण तो बोलण्यातला.

सुप्रिया_आयईएलटीएस

काकांच्या चाचणीवर कालपासून विचार करतेय. माझ्याकडचे तीन जुने निबंध काढले आणि अदलाबदल करून बघितली. एका मुलाने लिहिलं होतं की शहरांत मोटारींवर बंधन हवं कारण हवा खराब होते, मोअरओव्हर रस्त्यावर जागा कमी आहे, फर्दरमोअर पेट्रोल महाग आहे. तिन्ही वाक्यं कशीही फिरवा, काही फरक पडत नाही. म्हणजे ती यादी आहे आणि त्याने तिला वादाचे कपडे घातलेत. परीक्षेच्या निकषांत अशा यांत्रिक जोडणीला गुण कमी होतात हे मला माहीत होतं, सर्वात वरच्या बँडची अपेक्षाच अशी की जोडणीकडे लक्षच जाऊ नये. मी मात्र ती यांत्रिक म्हणजे 'तोच शब्द परत आला' असं समजत होते. शब्द बदलून यांत्रिकपणा जात नाही हे आत्ता लक्षात येतंय.

तरी एक विचारते, चाळीस मिनिटांत दोनशे पन्नास शब्द लिहिणाऱ्या मुलाला वजन मोजत बसायला वेळ कुठून? त्याला काय सांगू?

निवृत्त_उपसंपादक

त्याला सांगा की मोअरओव्हर लिहायच्या आधी मनात 'एवढंच नव्हे तर' म्हणून बघ. बसलं तर लिही. नाही बसलं तर ऑल्सो लिही, किंवा काहीच लिहू नको. दोन वाक्यं आपापल्या जागी बरोबर बसली असतील तर मधे शब्द नसला तरी वाचणारा जोडून घेतो.

त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे आणि तो ताईंच्या पत्रात जास्त महत्त्वाचा. हे कारण कशाचं? ताई, तुमची मागणी एक, की दुरुस्ती सोसायटीने करावी. रंग वाया गेला हे दुरुस्तीचं कारण नाही, ते नुकसानभरपाईचं कारण आहे. ती वेगळी मागणी, वेगळं पत्र. मेंटेनन्स वेळेवर भरता हे तर कशाचंच कारण नाही, ती तुमची ओळख आहे. भर घालणारा शब्द फक्त एकाच मागणीच्या कारणांमधे चालतो. वेगळ्या मागणीचं कारण आत आलं की साखळीत कच्ची कडी येते आणि समोरचा नेमकी तीच ओढतो. यादीत एखादी वस्तू हलकी असली तर बाकीच्यांचं काही जात नाही. वादात हलकं कारण बाकीच्यांची किंमत उतरवतं.

मंत्रालय_रिटायर्ड

सर्वांचं वाचलं. मी अर्ज *घेणाऱ्या* बाजूला बसलेला माणूस आहे, म्हणून सांगतो. हे सगळे शिवाय आणि तसेच काढा आणि मुद्द्यांना नंबर द्या. एक, दोन, तीन. टिपणी लिहिणारा कारकून मुद्देनिहाय उत्तर द्यायला बांधला जातो, "मुद्दा क्र. ३ बाबत" असं लिहावंच लागतं. परिच्छेदात लिहिलं की त्याला सोयीचं उचलता येतं. ताईंच्या बाबतीत तेच झालं.

निवृत्त_उपसंपादक

साहेब, नंबर दिले की सगळे मुद्दे सारखे दिसतात. तीन कमकुवत आणि एक भक्कम असेल तर भक्कम बुडतो. नंबर म्हणजे शेवटी यादीच.

मंत्रालय_रिटायर्ड

बुडू दे, उत्तर तर मिळतं! तुमचा अग्रलेख वाचून लोकांनी मत बनवायचं असतं, अर्जावर कोणीतरी सही करायची असते. दोन वेगळी कामं आहेत.

निवृत्त_उपसंपादक

ज्याला नाही म्हणायचंय त्याला चार मुद्द्यांना चार 'नाही' लिहिणं जड नाही हो.

मंत्रालय_रिटायर्ड

जड आहे. चार 'नाही'वर सही करताना वरचा अधिकारी चार वेळा थांबतो. हे मी टेबलाच्या त्या बाजूने पाहिलंय. असो, तुमचं तुमच्यापाशी.

ओलीभिंत

मंडळी, किती मनापासून लिहिताय सगळे, खूप आभार. काल रात्री पत्र परत लिहिलं. रंग आणि मेंटेनन्स काढून टाकले. सिलिंगचा डाग फोटोत दिसतोच म्हणून तो वेगळा मुद्दा ठेवला नाही. मराठी प्रत अशी:

"गच्चीतून आमच्या सदनिकेत झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याची दुरुस्ती सोसायटीने सोसायटीच्या खर्चाने करावी, ही विनंती. उपविधींनुसार छपरातून होणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चात येते. एवढेच नव्हे, तर गेल्या वर्षी बी विंगमधील दोन सदनिकांवरील गच्चीची अशीच दुरुस्ती सोसायटीने स्वतःच्या खर्चाने केलेली आहे. शिवाय, खर्च कोणाचा हा प्रश्न बाजूला ठेवला तरी हे काम लांबवता येणार नाही, कारण ओल आता स्विचबोर्डापर्यंत पोचली आहे. सोबत फोटो तसेच इलेक्ट्रिशियनचे पत्र जोडले आहे."

इंग्रजीत पहिल्या ठिकाणी मोअरओव्हर आणि त्याच्याआधी पूर्णविराम, शेवटच्या ओळीत साधा अँड. 'शिवाय'च्या जागी अडलेय. डब्लिनकरांचं वाचून बिसाइड्स लिहायचा धीर होत नाही.

डब्लिनकर

मी असतो तर तिथे शब्दच टाकला नसता. "खर्चाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी" हेच इंग्रजीत लिहा आणि वाक्य सुरू करा. जे काम शिवाय करतोय ते त्या तुकड्याने झालंय.

सुप्रिया_आयईएलटीएस

+१. आणि तो तुकडा सबबीसारखा वाजत नाही.

वकीलसाहेब_सातारा

छान झालंय, पण 'एवढेच नव्हे तर'ला माझा आक्षेप आहे. उपविधी म्हणजे नियम, बी विंग म्हणजे पूर्वीचा दाखला. नियम दाखल्यापेक्षा जड. तुम्ही जडवरून हलक्याकडे उतरताय आणि शब्द चढणारा वापरताय. काकांच्याच चाचणीत नापास.

निवृत्त_उपसंपादक

कायद्याच्या तराजूत नियम जड, कबूल. पण वाचणारी कमिटी आहे. नियम कोणीतरी बाहेरच्याने केलेला असतो, बी विंगचं काम त्यांनी स्वतः केलंय. "नियम आहे, एवढंच नव्हे तर तुम्ही स्वतः तो पाळलाय." वजन वाचणाऱ्याच्या डोक्यात मोजायचं.

वकीलसाहेब_सातारा

स्वतः केलं म्हणतात पण कमिट्या बदलतात काका. आधीच्यांनी केलं आम्ही बांधील नाही, असं आलं की तुमची वरची पायरी गेली. मी असतो तर दाखला आधी आणि नियम नंतर, मग चढणारा शब्द शोभतो.

शब्दवेडी_मंजिरी

किंवा तिथे 'त्यानुसारच' टाका ना. "खर्च सोसायटीचा आहे. त्यानुसारच गेल्या वर्षी बी विंगमध्ये..." मग तो भर घालणारा मुद्दाच राहत नाही, नियमाचाच पुरावा होतो. सगळीकडे भर कशाला?

निवृत्त_उपसंपादक

मंजिरी, हे मात्र आमच्या दोघांपेक्षा बरं आहे.

ओलीभिंत

अरे, हे वाचायच्या आधीच सकाळी पत्र देऊन आले :( 'एवढेच नव्हे तर'सकट गेलंय.

पक्याभाऊ

मग काय झालं ते सांगा नक्की. धागा वर ठेवतो.

ओलीभिंत

(नऊ दिवसांनी)

उत्तर आलं. या वेळी दीड पान. स्विचबोर्डाचं पत्र पाहून गच्ची बघायला रविवारी येणार म्हणालेत, माणूस पण सोबत आणणार. खर्चाबद्दल लिहिलंय की बी विंगचं काम मागील कमिटीच्या काळातलं असून ते उदाहरण लागू होत नाही. वकीलसाहेब, तुम्ही म्हणालात तस्संच. उपविधींवर मात्र हो पण नाही आणि नाही पण नाही, ती ओळ गाळूनच टाकली आहे.

वकीलसाहेब_सातारा

ज्यावर बोलले नाहीत तिथेच बसा आता. पुढच्या पत्रात एकच मुद्दा, उपविधीचा, कलम क्रमांकासकट. जोडशब्दाची गरजच नाही.

मंत्रालय_रिटायर्ड

नंबर दिला असता तर गाळता आली नसती ती ओळ. मी सांगितलं होतं.

निवृत्त_उपसंपादक

साहेब, या वेळी तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही. पण माणूस गच्ची बघायला येतोय तो 'शिवाय'नंतरच्या वाक्यामुळे, हेही लिहून ठेवा. खर्चाचं भांडण तसंच लोंबकळत असताना तो एकटा मुद्दा उभा राहिला.

मंत्रालय_रिटायर्ड

लिहून ठेवलं.

चिपळूणचा_नाना

ताई जाळ्या बघितल्या का?

ओलीभिंत

हो नाना, बघितल्या. आमच्या डोक्यावरच्या कोपऱ्यातली जाळी उचलली तर खाली पिंपळाचं वीतभर रोप, मुळं थेट पाइपात. वॉचमनने काढलं तसं साठलेलं पाणी भरभर गेलं. सिलिंगचा डाग अजून आहे तसा आहे. रविवारी माणूस आला की त्याला पॅरापेटच्या कडेचं पण विचारते, तुम्ही म्हणाला होतात ती चीर तिथे दिसतेय मला.